डिजिटल लॉजिकचा धडा एका पाठपोट कागदावर: कुठली सूत्रं ठेवायची, के-मॅपचं काय सांगायचं?

घाटवळण

नमस्कार मंडळी. मी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला डिजिटल शिकवते. बुलियन बीजगणित आणि के-मॅपचा धडा मला एका पाठपोट कागदावर आणायचा आहे. मुलांनी तो वहीत चिकटवावा आणि प्रॅक्टिकलच्या टेबलावरही उघडून बघावा, एवढीच अपेक्षा आहे. मुलांची अडचण अशी की पुस्तकात वीसेक नियम ओळीने छापलेले असतात आणि त्यांना ते सगळे सारख्याच वजनाचे वाटतात. मग पाठांतर होतं, पण गणित समोर आलं की हात कुठे घालायचा ते कळत नाही.

एका चलाचे नियम (`A+0`, `A·1`, `A+1`, `A·0` वगैरे) मी एका ओळीत संपवणार आहे. ते गेटकडे बघूनच कळतात. अँड गेटचं एक इनपुट 0 ला बांधलं की गेट बंद, 1 ला बांधलं की दुसरं इनपुट जसंच्या तसं बाहेर येतं. ऑर गेटचं याच्या बरोबर उलट. एक्स-ऑरचं एक इनपुट 1 ला बांधलं की तो नॉट गेट होतो, हे मात्र वेगळं लिहिते, कारण मुलं ते विसरतात.

खरा प्रश्न पुढच्या नियमांचा. माझं मत असं झालंय की के-मॅपच्या पोटात दोनच नियम आहेत:

```
AB + AB' = A
A + A = A
```

बहुमताचं उदाहरण घ्या. तीन जणांपैकी निदान दोघांनी बटण दाबलं तर दिवा लागावा. फुल ॲडरचा कॅरीही हाच.

```
F = A'BC + AB'C + ABC' + ABC
  = (A'BC + ABC) + (AB'C + ABC) + (ABC' + ABC)
  = BC(A'+A) + AC(B'+B) + AB(C'+C)
  = BC + AC + AB
```

दुसऱ्या ओळीत `ABC` एकाचा तीनदा झाला. वर्गात दरवर्षी कुणीतरी इथे हात वर करतं: "मॅडम, हे दोन ABC आणले कुठून?" उत्तर आहे `A + A = A`. टर्म हवी तितक्या वेळा लिहा, बेरीज बदलत नाही. आता हेच चौकटीत:

```
        BC
        00  01  11  10
A=0      0   0   1   0
A=1      0   1   1   1
```

`111` चं घर तिन्ही जोड्यांत येतं. बीजगणितात जी टर्म तीनदा लिहिली, तेच घर इथे तीन वेळा वेढलं जातं. आणि प्रत्येक वेढ्यात एक अक्षर गळतं, तो `AB + AB' = A`. एवढं डोक्यात बसलं की के-मॅप ही बीजगणिताचीच दुसरी मांडणी आहे हे मुलांना पटतं.

मला दोन ठिकाणी सल्ला हवा आहे. एक, `AB + A'C + BC = AB + A'C` हा कन्सेन्ससचा नियम ठेवावा की गाळावा? दोन, कधीकधी एकाच गणिताची दोन मुलांची दोन उत्तरं येतात आणि दोघंही आपापली रीत बरोबर दाखवतात. तिथे कागदावर नेमकं काय लिहावं?

---

रात्रपाळी

मॅडम, मी मागच्या वर्षीच डिप्लोमा करून बाहेर पडलोय. माझं स्पष्ट मत: बीजगणिताचा भाग पूर्ण गाळा. के-मॅप एकदा नीट आला की नियम लागतच नाहीत. बीजगणितात कुठून सुरू करायचं हे नशिबावर असतं, कधी थांबायचं तेही कळत नाही. के-मॅपमध्ये तसं होत नाही. मोठ्यात मोठा गट घ्यायचा, उरलेले 1 झाकायचे, आणि उत्तर एकच येतं. दोन मुलांची दोन उत्तरं आली म्हणजे एकाचं चुकलंय, दुसरं काही नाही.

फक्त रकान्यांचा क्रम `00, 01, 11, 10` हे लाल शाईने लिहा. आमच्या बॅचमधल्या अर्ध्या चुका तिथल्याच होत्या.

---

जुनी_पाटी

रात्रपाळी, रकान्यांच्या क्रमाबद्दल शंभर टक्के बरोबर. पण "उत्तर एकच येतं" हे खरं नाही. ही चौकट सोडवून बघा:

```
        BC
        00  01  11  10
A=0      1   1   0   1
A=1      0   1   1   1
```

सहा घरांत 1 आहेत. चारचा गट कुठेच होत नाही. प्रत्येक 1 ला बरोबर दोन शेजारी आहेत आणि सहाही घरं फेर धरल्यासारखी एकमेकांना जोडलेली आहेत. जोडीची सुरुवात `000` आणि `001` पासून केली तर:

```
F = A'B' + AC + BC'
```

सुरुवात `001` आणि `101` पासून केली तर:

```
F = B'C + AB + A'C'
```

दोन्हींत तीन टर्म, दोन्हींत सहा अक्षरं. यापेक्षा लहान उत्तर नाही आणि यातलं एकही चूक नाही. आठही ओळींचा ट्रुथ टेबल मांडून ताडून बघा. घाटवळण मॅडम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कागदावर असं लिहा: दोन उत्तरं वेगळी दिसली तर आधी ट्रुथ टेबल जुळतो का बघा. जुळला तर टर्म आणि अक्षरं मोजा. दोन्ही सारखी असतील तर दोन्हींना पूर्ण गुण द्यायला हवेत.

कुठल्या वेढ्याला पर्याय नाही ते आधी शोधायची सवय मुलांना लावा. एखादा 1 असा असतो की त्याला झाकणारा मोठा गट एकच असतो. तो गट उत्तरात येणारच. आधी असे सगळे गट घ्यायचे, मग उरलेल्या घरांकडे वळायचं. "मोठ्यात मोठा गट आधी" ही रीत बहुतेक वेळा चालते, पण कधीकधी मधला चारचा ऐसपैस गट घेतला जातो आणि कडेच्या सक्तीच्या जोड्यांनी त्याची चारही घरं आधीच झाकलेली निघतात. मग तो गट फुकट जातो आणि उत्तरात एक टर्म जास्त राहते.

---

रात्रपाळी

हे सहा घरांचं चक्र मी पहिल्यांदाच बघतोय. परीक्षेत असं कधी आलं नव्हतं. पण बीजगणित का ठेवायचं हे अजून पटलं नाही. मॅपने दोन उत्तरं दिली, दोन्ही बरोबर, विषय संपला.

---

जुनी_पाटी

तीन कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे मॅप दोन पायऱ्यांची रचना देतो, अँड गेटची एक रांग आणि पुढे ऑर. त्याच्या पलीकडचं तो बघत नाही. `AB + AC + AD` हे मॅपच्या दृष्टीने अगदी कमीतकमी आहे. बीजगणिताने तुम्ही `A(B+C+D)` करता आणि तीन अँडचा एक होतो.

दुसरं, एक्स-ऑर मॅपला दिसत नाही. फुल ॲडरचा सम मांडून बघा. 1 बुद्धिबळाच्या पटासारखे तिरके पडतात, एकही जोडी होत नाही. मॅप म्हणतो चार टर्म, बारा अक्षरं, सोपं काही होत नाही. आणि हातात उत्तर असतं `A⊕B⊕C`, म्हणजे 7486 मधली दोन गेट. घरं अशी तिरकी दिसली की एक्स-ऑर वापरून बघायचं, ही ओळ कागदावर नक्की टाका.

तिसरं, प्रत्यक्ष जोडणी. टेबलावर बहुतेक वेळा 7400 असतो, चौदा पिनांत चार नँड. `AB + CD` त्यावर बसवायचं तर डी मॉर्गन लागतो:

```
AB + CD = ( (AB)' · (CD)' )'
```

तीन नँड आणि काम झालं. हे मॅपमधून कळत नाही.

---

शेवंती१२वी

मी बारावी सायन्सला आहे. आम्हाला गणिताच्या पहिल्याच प्रकरणात स्विच सर्किट सोपं करायचं असतं, पण तिथे `∧`, `∨`, `~` असतात. मी यूट्यूबवर के-मॅप शिकले. बोर्डाच्या पेपरात के-मॅपने सोडवलं तर चालेल का? तीन स्विचचं सर्किट त्याने दोन मिनिटांत होतं.

---

घाटवळण

शेवंती, धागा कॉलेजच्या विषयाचा आहे, पण तुझा प्रश्न अगदी जवळचा आहे. तुमच्या पेपरात नियम वापरून सोपं करा असं म्हटलेलं असतं आणि प्रत्येक पायरीसमोर कुठला नियम लावला ते लिहायचं असतं. गुण त्या पायऱ्यांना असतात. म्हणून उत्तरपत्रिकेत के-मॅप नको. पण रफ कामाच्या पानावर जरूर काढ. उत्तर काय येणार ते आधी कळलं की कुठली दोन पदं एकत्र आणायची ते आपोआप सुचतं.

आणि `p ∨ (~p ∧ q) ≡ p ∨ q` हे तुला येत असेलच. आमच्याकडे तेच `A + A'B = A + B` म्हणून येतं. स्विचच्या भाषेत बघ: `p` चालू असेल तर दिवा लागलाच. `p` बंद असेल तेव्हाच खालचा रस्ता कामाचा, आणि तेव्हा `~p` चा स्विच जोडलेलाच असतो. म्हणून तो स्विच काढून टाकला तरी फरक पडत नाही.

---

शेवंती१२वी

असं कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही फक्त वितरण नियम लावतो. धन्यवाद मॅम!

---

घाटवळण

जुनी पाटी, तुमची तिन्ही कारणं कागदाच्या मागच्या बाजूला जातील. रात्रपाळीने रकान्यांच्या क्रमाचा मुद्दा काढला, त्यावर थोडं लिहिते, कारण नुसत्या लाल शाईने तो प्रश्न सुटत नाही असा माझा अनुभव आहे.

मुलं क्रम पाठ करतात, पण तो तसा का आहे ते सुटतं. `01` नंतर `10` लिहिलं तर ती घरं कागदावर शेजारी दिसतात, पण त्यांच्यात दोन अक्षरं एकदम बदलतात. `AB'C` आणि `ABC'` ची बेरीज केली तर काहीच गळत नाही. क्रम `00, 01, 11, 10` ठेवला की एका घरातून शेजारच्या घरात जाताना एकच अक्षर बदलतं, म्हणजे `AB + AB' = A` लागू होतो. `10` वरून पुन्हा `00` वर जातानाही एकच बदलतं, म्हणून डावी कड आणि उजवी कड शेजारी असतात. मी वर्गात कागदच गुंडाळून दाखवते.

वेढा बरोबर आहे का ते तपासायची खूणही लिहून देणार आहे. दोन घरांचा वेढा असेल तर एकच अक्षर गळायला हवं, चार घरांचा असेल तर दोन. चार घरांच्या वेढ्यातून एकच अक्षर गळत असेल तर एकतर क्रम चुकलाय, नाहीतर वेढा चौरस किंवा सरळ पट्टी नाही.

1952 मध्ये व्हाइच यांनी अशी चौकट मांडली तेव्हा रकाने साध्या द्विमान क्रमानेच होते. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नो यांनी 1953 मध्ये क्रम बदलला आणि शेजार डोळ्यांना दिसू लागला. म्हणजे या रीतीचं सगळं मर्म त्या क्रमातच आहे.

आता चार चलांचं उदाहरण. सात पट्ट्यांच्या डिस्प्लेवर डावीकडची खालची उभी पट्टी `e`. ती 0, 2, 6, 8 या अंकांना लागते. इनपुट बीसीडी, म्हणून 10 ते 15 येणारच नाहीत, तिथे `X`.

```
          CD
          00  01  11  10
AB=00      1   0   0   1
AB=01      0   0   0   1
AB=11      X   X   X   X
AB=10      1   0   X   X
```

`X` न वापरता:

```
e = B'C'D' + A'CD'
```

`X` वापरून:

```
e = B'D' + CD'
```

इथे `B'D'` म्हणजे चार कोपरे. मुलांच्या नजरेतून हमखास निसटणारा हाच गट. उजवा रकाना त्यांना दिसतो, कोपरे दिसत नाहीत. `A` तर उत्तरातून पूर्ण गेलं, म्हणजे या पट्टीला त्या तारेची गरजच नाही.

---

कोरी_वही

मॅम, मी तुमच्यासारख्याच एका कॉलेजात शिकतो. `X` नेमका कधी 1 धरायचा आणि कधी 0? आमच्या सरांनी सांगितलं की सगळे `X` 1 धरा म्हणजे गट मोठे होतात.

---

जुनी_पाटी

सगळे 1 धरायचे नाहीत. वरच्याच चौकटीत बघा. `AB=11` ची सगळी ओळ 1 धरून वेढली तर `AB` अशी एक टर्म जादा येते, आणि तिने एकही खरा 1 झाकला जात नाही. नियम असा: खरा 1 झाकायला मदत होत असेल तरच `X` वेढ्यात घ्यायचा. नुसत्या `X` साठी वेढा काढायचा नाही. जो वेढ्यात आला तो 1 झाला, जो बाहेर राहिला तो 0. वरच्या उत्तरात 10 आणि 14 हे 1 झाले, 11, 12, 13, 15 हे 0.

हे झालेले 1 आणि 0 नंतर प्रत्यक्षात दिसतात, एवढं लक्षात ठेवा. 7447 ला दहाच्या पुढचे आकडे दिले तर तो काहीबाही आकार दाखवतो आणि 15 ला कोरा राहतो. त्या घरांना काय द्यायचं ते चिप करणाऱ्याने ठरवलेलं असतं. निसर्गाने नाही.

---

मळ्यातली_मोटर

डोन्ट केअरचा विषय निघाला म्हणून माझं लिहितो. मी शिकलेला इलेक्ट्रिशियन आहे, सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटरींचे पॅनल करतो. वरच्या टाकीत दोन फ्लोट असतात. खालचा `L`, पाणी त्याच्यापर्यंत असेल तर 1. वरचा `U`, टाकी भरली की 1. मोटर आत्ता चालू आहे का ते `M`. पाणी खालच्याच्या खाली गेलं की मोटर सुरू, वरच्याला लागलं की बंद, मधे असेल तर जे चाललंय तेच चालू द्यायचं.

```
        LU
        00  01  11  10
M=0      1   X   0   0
M=1      1   X   0   1
```

वर पाणी आहे आणि खाली नाही, असं होऊच शकत नाही. म्हणून `LU=01` ला `X`. शिकलो होतो तसं मोठा गट घेतला की येतं:

```
M = L' + U'M
```

आता मला सांगा, खालच्या फ्लोटची वायर तुटली तर काय? `L` कायमचा 0. टाकी भरली, `U` 1 झाला, तरी `L'` मुळे मोटर चालूच. गच्चीवरून पाणी जिन्यात. "होऊच शकत नाही" ते फक्त कागदावर. फ्लोट पाण्यात असतो, त्याला शेवाळ धरतं, वायर कुजते. मी ती दोन घरं 0 धरतो:

```
M = U'(L' + M)
```

वायर तुटली तरी टाकी भरल्यावर मोटर थांबते. पाणी जरा उतरलं की पुन्हा सुरू होते, म्हणजे वरचेवर चालू-बंद होते, ते काही चांगलं नाही. पण ओव्हरफ्लो होत नाही, आणि मोटरची ती घरघर ऐकून वॉचमन फोन करतो.

---

घाटवळण

भाऊ, हे उदाहरण मी कागदावर घेणार, तुमची हरकत नसेल तर. यात दोन गोष्टी एकदम आल्या. उत्तरात `M` दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे हे नुसतं गेटांचं सर्किट राहिलं नाही, त्याला स्मृती आली. तरीही आत्ताची स्थिती हे एक चल धरलं की चौकट चालते. आणि `X` ला 0 दिल्याने गेट वाढलं का? नाही. दोन्हीकडे एक अँड, एक ऑर, दोन नॉट. सुरक्षितता जवळजवळ फुकटात मिळाली.

---

मळ्यातली_मोटर

घ्या की. फक्त पोरांना हेही सांगा की वरचा फ्लोट तुटला तर हे सूत्रही वाचवत नाही. `U` कायमचा 0 राहिला की मोटर थांबतच नाही. म्हणून वरचा फ्लोट असा जोडायचा की वायर तुटली तर टाकी भरली असं समजलं जाईल.

---

निळी_शाई

मी बंगळुरूला चिप डिझाइनमध्ये आहे. कन्सेन्ससबद्दल कुणी बोललंच नाही. माझं मत: गाळा. हाताने सोपं करणं आमच्याकडे कुणी करत नाही, सिंथेसिस टूल करतं. व्हेरिलॉगमध्ये `AB + A'C + BC` लिहिलं तर टूल `BC` काढून टाकतं. जे टूल करतं ते पाठ करायला लावण्यात अर्थ नाही.

---

जुनी_पाटी

मी उलट म्हणेन, ठेवा. आणि `BC` का काढतात यापेक्षा तो कधी काढायचा नाही, ते सांगण्यासाठी ठेवा.

`F = AB + A'C` घ्या, म्हणजे दोनातून एक निवडणारा मल्टिप्लेक्सर. `B` आणि `C` दोन्ही 1 ठेवा. आता `A` काहीही असो, `F` 1 च असायला हवा. `A` 1 वरून 0 करा. `AB` लगेच पडतो. `A'` मात्र नॉट गेटमधून यायचा असतो, आणि 74LS घराण्यातल्या गेटला 10 नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तेवढा वेळ `AB` गेलेला आणि `A'C` अजून आलेला नाही. `F` क्षणभर 0 होतो. ऑसिलोस्कोपवर `F` च्या सपाट रेषेत खाली जाणारा एक काटा दिसतो.

```
        BC
        00  01  11  10
A=0      0   1   1   0
A=1      0   0   1   1
```

चौकटीत हे आधीच दिसतं. `A'C` चा वेढा आणि `AB` चा वेढा `11` च्या रकान्यात एकमेकांना खेटून आहेत, पण एकमेकांवर येत नाहीत. त्या सीमेवरून उडी मारताना काटा येतो. सीमेवर `BC` चा उभा वेढा टाकला की तो जातो. म्हणजे बीजगणित ज्याला फालतू म्हणतं तीच टर्म इथे कामाची ठरते.

`F` दिव्याला जात असेल तर कुणाला काही कळणारही नाही. पण तोच `F` काउंटरच्या क्लॉकला किंवा रिसेटला दिला की मोजणी मधूनच चुकते, आणि मीटर लावून दोष सापडत नाही, कारण मीटर इतकं जलद बघतच नाही.

---

निळी_शाई

काटा येतो हे मान्य. पण आमच्याकडे अशा लॉजिकचं आउटपुट थेट क्लॉकला द्यायचं नाही हा पहिला नियम आहे. मधे फ्लिप-फ्लॉप घाला, काटा आला आणि गेला, पुढच्या क्लॉकपर्यंत सगळं स्थिर झालेलं असतं. जादा टर्म घालून एक काटा झाकण्यापेक्षा ही शिस्त शिकवा. शिवाय दोन इनपुट एकदम बदलले तर तुमचा `BC` सुद्धा कामाचा नाही.

---

जुनी_पाटी

एका वेळी एकच इनपुट बदलतं हे त्यात गृहीत आहे, ते खरं. शिस्तीचंही खरं. पण पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर मुलं नेमकं तेच करतात, गेटमधून काउंटरच्या रिसेटला थेट वायर. त्यांना काटा दिसणार. तो का आला ते कळायला त्यांच्याकडे ही एक ओळ असावी.

---

घाटवळण

दोघांचं म्हणणं वाचलं. अजून मन ठरत नाहीये. पाठ करायच्या नियमांत कन्सेन्सस घालणार नाही असं वाटतंय, पण खेटलेल्या वेढ्यांचं चित्र प्रॅक्टिकलच्या बाजूला देता येईल. जागा पुरते का बघते.

पाच चलांच्या चौकटी मात्र नक्की गाळतेय. दोन चौकटी एकमेकींवर ठेवल्याची कल्पना करून वेढे शोधण्यात मुलांची दमछाक होते आणि बरोबर उत्तर क्वचितच येतं. तिथून पुढे क्वाइन-मॅक्लस्कीची तक्त्याची रीत बरी, ती संगणकाकडूनही करून घेता येते.

---

कोरी_वही

मॅम, मी मोटरवाल्या काकांचं गणित वाढवून बघितलं. खालच्या हौदात पाणी आहे का यासाठी `W` घेतला, म्हणजे चार चलांचा मॅप. `W=0` च्या सगळ्या घरांत 0 भरले, कारण हौद कोरडा तर मोटर चालवायची नाही. `LU=01` ला काकांसारखे 0. उत्तर आलं:

```
M = WL'U' + WU'M
```

बरोबर आहे का? आणि याहून लहान होतं का?

---

मळ्यातली_मोटर

बरोबर आहे पोरा. `W` आणि `U'` बाहेर काढ, `WU'(L' + M)` होतं. मी तर `W` ला चौकटीत घेतच नाही. जे इनपुट 0 झालं की बाकी काही न बघता मोटर बंदच व्हायला हवी, ते शेवटी सगळ्यावर अँड करायचं. पॅनलमध्येही हौदाचा फ्लोट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्येच असतो. आणि एक बघ, टाकी मधल्या पातळीला असताना हौद कोरडा पडला की मोटर थांबते आणि `M` 0 होतो. हौदात पाणी परत आलं तरी ती आपोआप सुरू होणार नाही, टाकी खालच्या फ्लोटच्या खाली जाईपर्यंत थांबेल. काही सोसायट्यांना हे चालतं, काहींना लगेच सुरू व्हायला हवी असते. तशी हवी असेल तर `M` ऐवजी "टाकी भरणं चालू आहे" ही वेगळी स्मृती ठेवावी लागते आणि `W` फक्त कॉइलपाशी अँड करावा लागतो.